टॉवर गच्चीवर राहिला, भाडं मात्र थांबलं

गच्चीवर मोबाईल टॉवर बसवतो म्हणून आधी ‘नोंदणी फी’ भरायला लावून गायब होणारे टॉवरवाले आता सगळ्यांना माहीत झालेत. आमच्याकडे आलेली कंपनी खरी होती, करारही रीतसर नोंदवलेला. आम्ही फसलो ते त्या करारातच.

२०१४ साली पंधरा वर्षांसाठी गच्ची दिली. महिना १२,००० रुपये, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ. करार इंग्रजीत होता. एजंटाने भाड्याचं पान तेवढं वाचून दाखवलं आणि म्हणाला, “काका, पंधरा वर्षांची पेन्शन समजा.” मी सही केली. मुदतीच्या कलमात लिहिलं होतं की मालकाला पंधरा वर्षं करार मोडता येणार नाही, कंपनीला मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर कधीही मोडता येईल. म्हणजे पंधरा वर्षं फक्त मी बांधलेला!

२०१८ मध्ये पत्र आलं: भाडं १३,२०० वरून ८,००० करा, नाहीतर आम्ही निघतो. मी नकार दिला. महिन्याची नोटीस आली, भाडं थांबलं. ठेकेदार येऊन अँटेना, बॅटऱ्या, जनरेटर असं विकाऊ सामान घेऊन गेला. लोखंडी सांगाडा तिथेच राहिला, पुढे बावीस महिने. करारात एवढंच होतं की ‘कंपनी आपलं साहित्य काढून नेईल.’ किती दिवसांत, ते नाही. तोवर भाडं चालू राहील का, तेही नाही. १३,२०० च्या हिशोबाने २,९०,४०० रुपये झाले असते. स्वतः कापून काढू का, असं वकिलांना विचारलं. ते म्हणाले, “हात लावू नका, नुकसानीची तक्रार तुमच्यावरच येईल.”

शेवटी सांगाडा नेला, पण काँक्रीटचे चौथरे आणि बोल्ट गच्चीतच सोडून. बोल्टांच्या कडेने पाणी मुरून खालच्या खोलीचं छत गळायला लागलं. दुरुस्ती माझ्या खिशातून.

आता मेहुण्याच्या शेताच्या कडेला टॉवर मागतायत. त्याचा मसुदा आम्ही वकिलांकडून मराठीत समजून घेतला आणि तीन बदल घातले. पहिली पाच वर्षं कंपनीलाही करार मोडता येणार नाही, मोडला तर उरलेल्या काळाचं भाडं द्यायचं. भाडेवाढ तारखेनुसार आपोआप लागू, दर वर्षाचा आकडा तक्त्यात लिहिलेला. आणि करार संपल्यापासून साठ दिवसांत सगळं काढायचं. शेतात नांगर अडकू नये म्हणून जमिनीखालचं काँक्रीटही तीन फुटांपर्यंत. जागा मोकळी होईस्तोवर दीडपट भाडं. हे पाळलं नाही तर टॉवर काढायचा हक्क मेहुण्याला, खर्च कंपनीने आधीच भरलेल्या अनामतीतून.

भाड्याचा तक्ता कंपनीने लगेच मान्य केला. अनामतीचं कलम खोडून मसुदा परत आलाय. मेहुण्याने अजून सही केलेली नाही.