स्लाइडशेजारी शिकवणारा दिसावा आणि तक्ताही वाचता यावा: तीन मांडण्यांची तुलना

रेकॉर्ड केलेल्या पाठात शिकवणाऱ्याची चौकट टाकायची झाली की तीन पर्याय असतात. स्लाइडच्या कोपऱ्यावर चौकट ठेवायची, स्लाइड लहान करून शेजारी जागा करायची, किंवा स्लाइडच ४:३ आकारात बनवून उरलेल्या पट्टीत माणूस बसवायचा. आपल्याकडे यवतमाळ-वर्ध्याच्या गावांत पाठ मोबाइलवर पाहिला जातो, आणि डेटा पुरवायचा म्हणून बरेच जण तो ३६०पी वर ठेवतात. त्यामुळे कुठली मांडणी बरी, हे त्या पडद्यावर ठरवावं.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा पाठ घेऊ. त्यातल्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात फवारणी कधी करायची ते लिहिलेलं असतं: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली. हा रकाना वाचता आला नाही तर पाठाचा उपयोगच नाही. शेतकरी मग सरळ सांगतात, ‘मॅडम, आकडे दिसूनच नाही राहिले.’

कोपऱ्यातली चौकट सगळ्यात झटपट होते. अक्षरं लहान होत नाहीत, पण नेमका शेवटचा रकाना झाकला जातो. चौकट वर सरकवली तर मथळा दबतो, आणि खाली ठेवली तर प्लेअरची बटणं तिच्यावर येतात. स्लाइड मास्टरमध्ये तो कोपरा आधीच रिकामा राखला, तर चित्र आणि दोन ओळी असलेल्या स्लाइडला हा पर्याय चांगला आहे. रुंद तक्त्याला मात्र तो जमत नाही.

दुसऱ्या पर्यायात काहीच झाकलं जात नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. मला तोच सगळ्यात फसवा वाटतो. व्हिडिओ १२८०×७२० चा धरा. पॉवरपॉइंटची स्लाइड ५४० पॉइंट उंच असते, म्हणजे स्लाइड पूर्ण व्हिडिओभर असली की २४ पॉइंटचा मजकूर ३२ पिक्सेलचा होतो. शेजारी ३२० पिक्सेलची पट्टी काढली की १६:९ ची स्लाइड ९६०×५४० होते, मजकूर २४ पिक्सेलवर येतो आणि खाली १८० पिक्सेल जागा वाया जाते. हाच व्हिडिओ ३६०पी वर पाहिला की उरतात १२ पिक्सेल. एवढ्यात शिरोरेघ, मात्रा आणि टिंब सगळं बसवायचं! अनुस्वार पुसला जातो, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागतात.

तिसऱ्या पर्यायाचं गणित साधं आहे. ४:३ ची स्लाइड ७२० उंचीत ९६० रुंद बसते आणि ३२० ची पट्टी आपोआप उरते. स्लाइडची उंची ५४० पॉइंटच राहते, म्हणून अक्षर ३२ पिक्सेलचंच राहतं, ३६०पी वर १६. गावाकडे अजून १३६६×७६८ पडद्याचे लॅपटॉप पुष्कळ आहेत, त्यांनाही हे मानवतं. स्लाइड शो १०२४×७६८ मध्ये दिसतो आणि दोन्ही बाजूंना १७१ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये `Base (Canvas) Resolution` पुढे `1280x720` भरा. `Display Capture` वर `Edit Transform` उघडून `Crop` मध्ये डावीकडे आणि उजवीकडे `171` द्या. मग स्लाइड ९६०×७२० करून डावीकडे लावा. कॅमेऱ्याच्या कडा `Alt` दाबून ओढल्या की कापल्या जातात. चेहरा ते छाती एवढाच भाग ३२०×४०० मध्ये ठेवा. मागची भिंत साधी असू द्या, कारण मागे खिडकीचा पडदा हलत असला की कमी डेटात त्या हालचालीवरच बिट खर्च होतात आणि अक्षरांच्या कडा फुटतात.

खर्च आहे तो जुन्या स्लाइड बदलण्याचा. `Slide Size` मध्ये `Standard (4:3)` निवडलं की पॉवरपॉइंट `Maximize` की `Ensure Fit` असं विचारतं. पहिल्यात मजकूर स्लाइडबाहेर जातो, दुसऱ्यात अक्षर लहान होतं आणि आपण ज्यासाठी हे केलं तेच हातचं जातं. म्हणून पाच रकान्यांचा तक्ता दोन स्लाइडवर तोडून, २४ पॉइंट कायम ठेवून पुन्हा मांडावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, पण पाठ दरवर्षी वापरायचा असेल तर मी हेच करायला सांगेन.

पूर्ण पाठ करण्याआधी सगळ्यात दाट स्लाइडचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ज्यांच्यासाठी पाठ आहे त्यांच्यापैकी एकाच्या मोबाइलवर ३६०पी वर लावा. त्यांना शेवटचा रकाना मोठ्याने वाचायला सांगा. अडखळले तर मजकूर कमी करा. आणि जुने तक्ते बदलायला वेळच नसेल, तर ओबीएसमध्ये फक्त स्लाइडचा वेगळा `Scene` करून त्याला हॉटकी द्या. तक्ता आला की चौकट काढायची, तक्ता संपला की परत आणायची.