गेरचा फोटो डॉक्युमेंट्रीत टाकायचा की ओपनमध्ये?

इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, झाली की फोटो स्पर्धेत भाग घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांचा हा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो बरोबरच आहे, कारण एकच फोटो स्पर्धेच्या दोन्ही सेक्शनमध्ये जाऊ शकतो पण एडिटिंग एकसारखं चालत नाही. मी दोन्हीकडे फोटो पाठवलेत, त्यामुळे जे अनुभवलं ते सांगतो, तुमचं मत वेगळं असू शकतं.

समजा फोटो राजवाड्यासमोरचा आहे. गुलालाचा ढग, त्यात नाचणारी माणसं, वर आकाशात दोन-तीन करडे डाग, राजवाड्यावरून आडवी गेलेली तार आणि उजव्या कडेला कोणाचातरी मोबाईल धरलेला अर्धा हात.

डॉक्युमेंट्रीत डाग काढता येतात, पण ते सेन्सरवरच्या धुळीचे असले तरच. ओळखायचं कसं, तर त्याच वेळचे पुढचे-मागचे फ्रेम उघडून बघा, धुळीचा डाग प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, एफ/16 ला ठळक दिसतो आणि एफ/2.8 ला जवळजवळ गायब होतो. जागा बदलत असेल तर ती घार आहे किंवा उडालेला रंग आहे, म्हणजे तिथे खरंच होतं, त्याला हात लावायचा नाही. कडेचा हात क्रॉप करून गेला तर गेला, क्रॉपला सहसा कोणी हरकत घेत नाही. तार मात्र राहणार. आणि आकाश किंवा मागची गर्दी इतकी काळी करायची की माणसंच दिसेनाशी होतील, तेही काढून टाकल्यातच धरतात, ब्रश न वापरता केलं तरी.

हा फरक किती बारीक असतो त्याचं एक उदाहरण लक्षात ठेवा. 2010 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने युक्रेनच्या स्तेपान रूदिकचं बक्षीस परत घेतलं होतं. हाताला पट्टी बांधतानाचा फोटो, त्याने मूळ फ्रेम भरपूर क्रॉप केली होती, ब्लॅक अँड व्हाइट केली होती, त्यावर बक्षीस गेलं नाही. गेलं ते हाताच्या मागे डोकावणारा पायाचा लहानसा तुकडा पुसल्यामुळे. मूळ फाइल मागितली आणि ते दिसलं. म्हणजे किती पिक्सेल बदलले हे कोणी मोजत नाही, कॅमेऱ्यासमोर असलेली वस्तू गेली का, एवढंच बघतात.

ओपनमध्ये ही कटकट नाही. तार काढा, दुसऱ्या दिवशीचं आकाश लावा, अट साधारण एवढीच की जे जोडलंय तेही तुम्हीच काढलेलं असावं, नेटवरून उचललेलं आकाश तिथेही चालत नाही. ज्याला चित्रासारखं काही करायचंय त्याच्यासाठी ओपनच बरं, आणि तिथे खरंच सुंदर कामं येतात.

पण मला ओपनमध्ये एक गोष्ट सतत खटकली आणि माझा निर्णय तिच्यामुळेच झाला. तार आकाशावरून काढणं सोपं आहे, पण राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडी आहेत, सगळी बारीक खिडक्यांची रांग, त्यावरून तार पुसली की हीलिंग ब्रश शेजारचं लाकूड उचलून तिथे भरतो आणि एखादी खिडकी जराशी रुंद होते, एखाद्या खांबाची रेघ मधेच तुटते. बाहेरच्या परीक्षकाला कळणारही नाही, पण आपल्या इंदूरच्या माणसाला लगेच कळतं की हा राजवाडा असा नाही. मग ते नीट करायला क्लोन स्टॅम्प घेऊन बसा, ते झालं की वाटतं खालचा बॅनर पण काढू, मग स्कूटरचा आरसा, आणि थांबायचं कुठे हे नियमच सांगत नाही म्हणून माझं संपायचंच नाही. डॉक्युमेंट्रीत एक्सपोजर, कॉन्ट्रास्ट, थोडी सावली उजळली, डाग काढले, की फोटो तयार. म्हणून मी गेरचे फोटो आता तिकडेच पाठवतो, तारेसकट, आणि शूट करतानाच दोन पावलं सरकून तार छताच्या कडेला मिळते का ते बघतो.

एक जागा मात्र अडचणीची आहे. गेरमध्ये रंगाचं पाणी फिल्टरवर उडतं आणि थेंबाचा धूसर ठिपका फोटोत येतो. तो समोरच्या दृश्यात नव्हता हे खरं, पण नियमात बहुतेक वेळा सेन्सरची धूळ आणि स्कॅनवरचे ओरखडे एवढंच लिहिलेलं असतं, थेंबाचा उल्लेख नसतो. मी तो पुसत नाही. आयोजकांना आधी विचारा, लेखी उत्तर मिळालं तर ठीक, नाहीतर थेंब नसलेली दुसरी फ्रेम पाठवा. आणि सेक्शन कोणताही असो, रॉ फाइल निकाल लागेपर्यंत कार्डमधून उडवू नका, शेवटच्या फेरीत तीच मागतात.