एक लाख, पंचेचाळीस दिवस: सावकार, भिशी की सीसी?

समजा, सावद्याजवळ तुमचं केळी वेफर्सचं नवं युनिट आहे. श्रावणाच्या तोंडावर मागणी वाढते. कच्ची केळी आणि तेल रोखीनं घ्यावं लागतं, पण व्यापारी मालाचे पैसे ४५ दिवसांनी देतो. मधल्या काळासाठी १ लाख रुपये हवेत.

सावकार संध्याकाळपर्यंत पैसे देतो, एवढीच त्याची जमेची बाजू. दर शेकडा पाच, म्हणजे वर्षाला ६० टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात ९५ हजार ठेवतो आणि दुसरा महिना अर्धा असला तरी पूर्ण धरतो. झाले १० हजार. व्यापाऱ्यानं आणखी थांबवलं, तर दरमहा ५ हजार जातात आणि मुद्दल जागच्या जागी. रोजवसुली तर त्याहून फसवी. हातात ९ हजार, फेड रोज १०० रुपये, १०० दिवस. वरचे फक्त हजारच वाटतात. पण मुद्दल रोज कमी होत असतं, म्हणून खरा दर वर्षाला ७५ टक्क्यांच्या वर जातो. परवाना दाखवत नसेल आणि सही केलेला कोरा चेक मागत असेल, तर तिथून उठा.

भिशीतली माणसं ओळखीची असतात, म्हणून ती सुरक्षित वाटते. २० जण, महिना ५ हजार, म्हणजे दर महिन्याला १ लाख जमतात. लिलावात तुम्ही ती ७५ हजारांवर उचलली. सोडलेले २५ हजार सगळ्यांत वाटले गेले, तुमच्या वाट्याला १,२५० आले. अडचण दीड महिन्याची होती, हप्ते मात्र भिशी संपेपर्यंत भरायचे. आणि गरज असेल त्याच महिन्यात लिलाव तुम्हालाच लागेल असं नाही. भिशी चिट फंड म्हणून १९८२ च्या कायद्याखाली नोंदलेली असेल तर निबंधकाकडे दाद मागता येते. गल्लीतली भिशी चालवणारा गाव सोडून गेला, तर हातात वहीतली नोंद उरते.

आता तिसरा रस्ता. त्याच व्यापाऱ्याला सांगा, आठ दिवसांत पैसे दिलेत तर २ टक्के सूट. लाखावर २ हजार गेले, पण कर्जच लागलं नाही. नव्या धंद्यात मी आधी हेच विचारीन. तो नाही म्हणाला, तर बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट: मंजूर मर्यादेत लागतील तेवढेच पैसे उचलायचे. वर्षाला १२ टक्के धरले तरी लाखाला ४५ दिवसांचं व्याज साधारण दीड हजार, तेही उचलले तेवढ्यावरच. मुद्रा योजनेत खेळत्या भांडवलासाठीही विनातारण कर्ज मिळू शकतं. मात्र प्रक्रिया शुल्क लागू शकतं, स्टॉक स्टेटमेंट वेळेवर द्यावं लागतं आणि मंजुरीला काही आठवडे जातात. म्हणून अर्ज श्रावणात नाही, उन्हाळ्यातच टाका.

उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधीच करून घ्या. ती असली की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे लांबवता येत नाहीत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाला तर व्याज मागता येतं. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.