सारांश जोडायचा की मुद्दाच फोडायचा?

नागरी बँकेच्या संचालक मंडळापुढे दीड पानी लेखापरीक्षण मुद्दा ठेवायचाय. वर सारांश जोडणं तासाभराचं काम, पुरावाही शाबूत राहतो. पण निर्णय कशावर घ्यायचा हे संचालकांना कळत नाही.

निरीक्षण, कारण, शिफारस असा मुद्दा फोडून लिहायला वेळ लागतो, तो कारणापाशी. समजा, 40 सोनेतारण खात्यांपैकी 9 मध्ये मूल्यांकन दाखला नाही. हे निरीक्षण. ‘कर्मचाऱ्यांचं दुर्लक्ष’ हे कारण नव्हे, ते निरीक्षणच पुन्हा सांगणं झालं. शाखेत विचारल्यावर कळतं, दाखल्याची नोंद नसतानाही संगणकप्रणाली कर्जवाटप होऊ देते. मग शिफारस ‘दक्षता घ्यावी’ अशी गुळमुळीत राहत नाही: नोंदीशिवाय वाटप अडवा, जबाबदारी कर्जविभागप्रमुखांची, मुदत अमुक तारीख.

मंडळाला ठराव करायचा असेल तर मुद्दा फोडूनच लिहा. शाखेला खातेनिहाय पूर्तता करायची असेल, तर मूळ मजकूर.