नुसतं गॅस टर्बाइन घ्यायचं की मागे वाफेचा संचही जोडायचा?

उरणच्या महानिर्मितीच्या वायू विद्युत केंद्राचा आकडा आज 672 मेगावॉट असा दिसतो. त्यातले 432 मेगावॉट 108 मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइनचे आणि उरलेले 240 मेगावॉट 120 मेगावॉटच्या दोन वाफेच्या संचांचे. टर्बाइनं 1980 च्या दशकात आली, वाफेचे संच 1990 च्या दशकात मागून जोडले गेले. या 240 मेगावॉटसाठी वेगळा गॅस जाळावा लागत नाही, म्हणजे तेवढ्याच इंधनात वीज साधारण दीडपट. गॅस टर्बाइन आणि मागे वाफेचा संच या जोडीला कंबाइंड सायकल म्हणतात. मग सगळेच पहिल्या दिवसापासून ती का घेत नाहीत?

आधी ही जास्तीची वीज येते कुठून ते पाहू. गॅस टर्बाइनमध्ये कॉम्प्रेसर हवा दाबतो, त्या हवेत गॅस जळतो आणि अकराशे अंश सेल्सियसच्या वरचा झोत पात्यांवर आदळतो. काम करून बाहेर पडणारा वायू तरीही 540 अंशांच्या आसपास असतो. ओपन सायकलमध्ये, म्हणजे नुसतं टर्बाइन चालवलं तर, तो तसाच चिमणीतून जातो. शंभर रुपयांच्या गॅसमधल्या 32 रुपयांची वीज होते, बाकी जवळपास सगळं आकाशात. उलट वाफेच्या टर्बाइनला मुळात 540 ते 600 अंशांच्या फार पलीकडे नेता येत नाही, कारण बॉयलरच्या नळ्यांचं पोलाद ते झेपवत नाही. एकाची जिथे हद्द संपते तिथेच दुसऱ्याची सुरू होते. म्हणून टर्बाइनमागे वेस्ट हीट बॉयलर बसवला की त्या वायूवरच वाफ तयार होते आणि वायू शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत निवून बाहेर पडतो. आत गेलेल्या उष्णतेच्या पाव भागाची वीज झाली तरी हिशेब असा होतो: 32 + (68 × 0.25) = 49 टक्के.

हा पाव भाग मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही. पाणी उकळतं तेव्हा त्याचं तापमान एका जागी अडून बसतं, वायूचं मात्र उतरतच जातं. उकळणं जिथे सुरू होतं त्या ठिकाणी दोघांत जेमतेम दहा अंशांचं अंतर उरतं. त्या चिमटीमुळे एकाच दाबाच्या बॉयलरमधून वायू बराच गरम असतानाच निसटतो. उपाय म्हणजे पाणी उकळायला कमी दाबाचा दुसरा ड्रम. तो कमी तापमानाला उकळतो, म्हणून उरलेली उष्णता त्याला वापरता येते. निविदेत बॉयलर एका दाबाचा आहे की दोन-तीन, हे पहिल्या पानावर नसलं तरी शोधून वाचा.

आता पैशांकडे. विक्रेता कार्यक्षमता सांगतो ती गॅसच्या निव्वळ उष्मांकावर, म्हणजे गॅस जळताना होणाऱ्या वाफेत अडकलेली उष्णता सोडून; तुम्ही गॅस विकत घेता तो मात्र एकूण उष्मांकावर. नैसर्गिक वायूच्या बाबतीत या दोहोंत साधारण 11 टक्क्यांचा फरक असतो. म्हणजे कागदावरचे 32 टक्के बिलात 29 होतात आणि कंबाइंडचे, दीडपट धरून, 48 चे 43. समजा 100 मेगावॉटचं टर्बाइन आहे, वाफेचा संच 50 मेगावॉटचा आहे आणि गॅस 900 रुपये प्रति एमएमबीटीयू पडतो. एका एमएमबीटीयूत 293 युनिट उष्णता असते. ओपन सायकलमध्ये त्यातून 84-85 युनिट वीज निघते, म्हणजे नुसतं इंधन युनिटमागे 10 रुपये 65 पैसे. कंबाइंडमध्ये 127 युनिट निघतात आणि इंधन 7 रुपये 10 पैसे पडतं.

वाफेच्या बाजूचा जादा खर्च 240 कोटी धरू, आणि व्याज, घसारा, देखभाल मिळून वर्षाला 15 टक्के. म्हणजे 36 कोटी. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे घालून बघा. तासाला 50,000 युनिट विनाइंधन मिळतात. ओपन सायकलवर त्यांना 10 रुपये 65 पैसे मोजावे लागले असते, म्हणजे तासाला सव्वापाच लाखांहून थोडी अधिक बचत. 36 कोटी भरून निघायला वर्षाला सातशेच्या आत तास पुरतात. महिनाभर अखंड चालवलं तरी तेवढे होतात.

‘अखंड’ हा शब्द मुद्दाम वापरला. ओपन सायकल टर्बाइन अर्ध्या तासाच्या आत पूर्ण भारावर येतं. वाफेच्या बाजूला ड्रमच्या जाड भिंती आणि रोटर सावकाश तापवावे लागतात, घाई केली तर धातूला तडे जातात. पूर्ण थंड असताना तीन-चार तास सहज लागतात. रोज संध्याकाळी दोन तास चालवायचं असेल तर सातशे तास भरतील, पण वाफेची वीज त्यातल्या बऱ्याच तासांत मिळणारच नाही. अशा कामाला ओपन सायकलच बरी, किंवा खरं म्हणजे बॅटरीचा भाव आधी काढा.

पाण्याचा मुद्दा फार लोक शेवटी विचारात घेतात. ओपन सायकलला पाणी जवळजवळ लागत नाही. 50 मेगावॉटच्या वाफेच्या संचात वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर कूलिंग टॉवरवर थंड करायचा तर ताशी 125 ते 150 घनमीटर पाणी वाफ होऊन जातं. एप्रिल-मे महिन्यांत ते कुठून आणणार? समुद्राकाठी प्रश्न सुटतो, पण मग खाऱ्या पाण्याला टिकणाऱ्या नळ्या लागतात. हवेवर थंड करणारा कंडेन्सर घेतला तर उन्हाळ्यात थोडी वीज सोडून द्यावी लागते.

उन्हाळ्याचा फटका टर्बाइनलाही आहेच. टर्बाइनच्या क्षमतेचे आकडे 15 अंशांच्या हवेचे असतात. हवा तापली की विरळ होते, आणि दर अंशाला अर्धा टक्का किंवा थोडी अधिक क्षमता जाते. कोकणातल्या 35 अंशांच्या दुपारी 100 मेगावॉटचं टर्बाइन 90 च्या खालीही येतं. कंबाइंडमध्ये हा फटका थोडा सौम्य असतो, कारण बाहेर पडणारा वायू किंचित जास्त गरम होतो.

गॅस पुरेसा मिळेल का, हा आपल्याकडचा खरा अडथळा आहे. उरणसारख्या मांडणीत दोन टर्बाइनं मिळून एक वाफेचा संच चालवतात. गॅस दोनच टर्बाइनांपुरता असेल तर ती दोन्ही एकाच गटातली, पूर्ण भारावर चालवावीत. प्रत्येक गटातलं एकेक चालवलं की दोन्ही वाफेचे संच अर्ध्या भारावर रेंगाळतात आणि कार्यक्षमता घसरते. चारही टर्बाइनं अर्ध्या भारावर चालवणं तर सगळ्यात महाग.

टप्प्याटप्प्याने बांधायचं ठरलं तर आज टर्बाइन आणि पुढे वाफ, हा उरणचा रस्ता चालतो. त्यासाठी बॉयलरला टाळून वायू बाहेर सोडणारी बायपास चिमणी आणि वायूची दिशा बदलणारा मोठा डॅम्पर लागतो, आणि दुखणं तिथेच असतं. काही वर्षांनी त्याच्या कडांच्या पट्ट्या वाकतात आणि गरम वायू बंद समजलेल्या चिमणीतून निसटत राहतो. टर्बाइनची वीज तशीच, गॅस तेवढाच, पण वाफेच्या संचाचे दोन-तीन मेगावॉट गायब. कंट्रोल रूममध्ये बायपास चिमणीचं तापमान हवेइतकं नसून शे-दोनशे अंश दिसत असेल तर कंडेन्सर उघडण्याआधी डॅम्पर तपासा. पहिल्या दिवसापासून वाफ हवी आहे आणि ओपन सायकलवर कधीच चालवायचं नाही हे नक्की असेल, तर मी बायपास चिमणी घेणार नाही. पण गॅसचा करारच अर्धामुर्धा असेल, तर तिची जागा आणि पाया तेवढा सोडून ठेवायला सांगेन.