लग्नाचं सोनं: एकदम घ्यावं की दोनदा?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मुहूर्त निघतात, कापसाचे पैसे हाती येतात आणि सगळे सोबतच सराफाकडे जातात. पण भाव मुख्यतः ठरतो जागतिक बाजार, डॉलर आणि आयात शुल्कावर. गर्दीमुळे त्यात भर पडते, आणि घडणावळीवरची सूट सराफ आखडती घेतो. म्हणून सीझनमध्ये महाग पडतं.

समजा एप्रिलच्या लग्नाला ४ तोळे लागतात आणि आज तोळा १ लाख आहे. सगळं एप्रिलवर ठेवलं आणि भाव १ लाख १० हजार झाला, तर ४० हजार जास्त जातात. कापूस विकल्यावर आजच्याच भावानं २ तोळे आणि उरलेले २ तोळे एप्रिलमध्ये घेतले, तर २० हजारच. भाव ९५ हजारांवर उतरला, तर मात्र थांबणाऱ्याचा फायदा. तरी तारीख ठरलेल्या घरानं दोनदाच घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. उसनवारी करून आज सगळं घेणं तर नकोच, व्याज भाववाढ खाऊन टाकू शकतं.

पहिल्या वेळी नाणं घेऊ नका, दागिनाच घ्या. नाण्यावर ३ टक्के जीएसटी, ते देऊन दागिना केला की पुन्हा जीएसटी, वर घडणावळ. पक्कं बिल मागा. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक BIS Care ॲपमध्ये दुकानातच टाकून पाहा.