एफर्ट किलोमीटरवर आखलेलं वेळापत्रक: काही महिन्यांच्या वापरानंतर

गुहागरकडच्या किनाऱ्यावरच्या माझ्या पहिल्या 50 किमी ट्रेल शर्यतीसाठी मी इट्रा या आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेचं एफर्ट किलोमीटरचं सूत्र धरलं. अंतरात दर 100 मीटर चढासाठी 1 किमी मिळवायचा. 50 किमी आणि 1500 मीटर चढ म्हणजे 65. सरावात एका एफर्ट किलोमीटरला 8 मिनिटं लागत होती, म्हणून 65 × 8 = 520 मिनिटं, म्हणजे 8 तास 40 मिनिटं. मर्यादा 10 तासांची होती, सुरुवात पहाटे 4 ला.

पहिला टप्पा 14 किमी, 300 मीटर चढ: 17 × 8 = 136 मिनिटं. लागली 134. दुसरा 12 किमी, 600 मीटर: 18 × 8 = 144. लागली 151. पाखाडीच्या पायऱ्या चढतानासुद्धा हिशेब इतका जवळ राहिला, त्यामुळे चढापुरता मी या सूत्रावर पूर्ण विश्वास ठेवतो.

तिसरा टप्पा कागदावर सगळ्यात सोपा होता. 13 किमी, चढ फक्त 200 मीटर, म्हणून 15 × 8 = 120. लागली 161. पहिली 8 किमी उघड्या सड्यावरची, पावणेनऊनंतरची. खालून जांभा तापलेला, सावलीला एक झाड नाही. तिथे 80 ऐवजी 99 मिनिटं गेली. पुढे 5 किमी पुळण. 40 ऐवजी 62! भरतीने ओला घट्ट पट्टा गिळला होता. वरच्या कोरड्या वाळूत प्रत्येक पावलाला टाच रुतायची, बुटांत वाळू भरायची.

11:26 ला थांब्यावर पोचलो. उरलेले 15 एफर्ट किलोमीटर आणि 154 मिनिटं, म्हणजे प्रत्येकी 10.3. मागच्या टप्प्याचा वेग होता 10.7. मी पुढे निघालो आणि 14:13 ला पोचलो, मर्यादेनंतर 13 मिनिटांनी.

तेव्हापासून सरावात मऊ वाळूला दीडपट आणि उन्हातल्या सड्याला सव्वापट वेळ धरतो. वाळूचा आकडा टिकलाय. सड्याचा हिवाळ्यात जास्त होतो, मार्चमध्ये कमी पडतो. उतार मात्र हे सूत्र मोजतच नाही, तो अंदाजानेच धरावा लागतो.

भरतीसाठी आपल्याकडचा हिशेब पुरतो: तिथीच्या पाऊणपट जितके येतात तितके वाजता भरती. शर्यत पौर्णिमेची: 15 × ¾ = सव्वाअकरा, नेमका मी पुळणीवर असतानाची वेळ. षष्ठीला भरती साडेचारला आणि ओहोटी पावणेअकराच्या सुमारास, म्हणजे तिथली 20 मिनिटं वाचली असती. पण पहिल्या टप्प्यातली 4 किमी पुळण तेव्हा भरतीत सापडते: 32 ऐवजी 48. निव्वळ फायदा 4 मिनिटांचा. षष्ठीपासून भांगाचे दिवस जवळ येतात, भरती उधाणाइतकी वर चढत नाही, त्यामुळे पहाटे थोडा ओला पट्टा उरेल असं मी धरतोय.